तीन वर्षं की सात? आधी दुसरा फोटो बघा

डॉक्टरसाहेब, नमस्कार. ह्यांचं वय ५८. शौचाला दोनदा लाल रक्त गेलं म्हणून राखीनंतर दोन दिवसांनी कोलोनोस्कोपी केली. मूळव्याध निघाली, शिवाय आतड्याच्या भिंतीवर वाढलेले तीन पॉलिप निघाले, ते तेव्हाच काढले. एका फोटोत पॉलिप एवढा मोठा दिसतो की मला झोप लागत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ‘तीन वर्षांनी या’ असं लिहून दिलं. पुण्याचा भाचा नुकताच डॉक्टर झालाय. तो लॅबचा रिपोर्ट बघून म्हणाला, ‘मामी, ९ मिलिमीटरचाच आहे, सात वर्षं निवांत राहा.’ रिपोर्टमध्ये ‘डिसप्लेसिया’ असाही शब्द आहे, त्याचं काय? ह्यांनी पथ्य पाळलं होतं, राखीला नणंदेने केलेला भुट्ट्याचा कीस तेवढा खाल्ला. औषध तर आदल्या रात्री नऊपर्यंत सगळं संपवलं. मुलगा आमचा ३१ वर्षांचा आहे. फोटोंचा कागद आणि दोन्ही रिपोर्ट पाठवते आहे. कोणाचं ऐकायचं?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

ताई, तुम्ही फोटोंचा कागद पाठवलात हे फार बरं केलंत. बहुतेक लोक फक्त लॅबच्या रिपोर्टचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतात आणि पुढची तारीख विचारतात. तेवढ्यावरून ती सांगता येत नाही. पुढची तपासणी कधी, हे ठरवायला तीन गोष्टी लागतात: किती आणि केवढे पॉलिप होते, लॅबला ते कोणत्या जातीचे आढळले, आणि आतडं नीट दिसलं होतं का. पहिल्या दोन गोष्टींवर तुमच्या घरात चर्चा झाली. तिसरीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि तुमच्या बाबतीत सगळं तिथेच अडलंय.

तरी झोप उडवणारा फोटो आधी घेऊ, चौथ्या क्रमांकाचा. त्यात पॉलिपने सगळा पडदा व्यापलाय, लालसर, चेरीसारखा. दुर्बिणीच्या टोकाची भिंग फार रुंद कोनाची असते. वस्तू तिच्या अगदी जवळ आली की प्रचंड दिसते आणि थोडी मागे गेली की एकदम लहान. मोबाइल नाकाजवळ धरून फोटो काढला तर नाक केवढं येतं, तसंच हे. चौथ्या फोटोत दुर्बीण पॉलिपच्या जवळजवळ अंगावर गेली आहे, म्हणून त्यावरून आकार काढताच येत नाही.

आता पाचवा फोटो बघा. तोच पॉलिप आहे, देठावर उभा, आणि त्याच्या डोक्याला टेकवून चिमट्याचा उघडा जबडा धरलाय. हा फोटो तुमच्या डॉक्टरांनी मुद्दाम काढलाय, आणि असं करणारे डॉक्टर मनापासून काम करतात असं मी समजतो. चिमट्याचा जबडा पूर्ण उघडला की साधारण ७ मिलिमीटर भरतो. कंपनीप्रमाणे एखादा मिलिमीटर इकडेतिकडे. चिमटा पॉलिपला टेकलेला आहे, म्हणजे दोघं भिंगापासून सारख्याच अंतरावर आहेत आणि तुलना खरी ठरते. (चिमटा पुढे आणि पॉलिप मागे असता तर काहीच सांगता आलं नसतं.) तुमच्या कागदावर मी पट्टी लावून पाहिलं. उघडा जबडा १४ मिलिमीटर छापलाय आणि पॉलिपचं डोकं २३. म्हणजे डोकं जबड्याच्या दीडपटीहून थोडं मोठं, प्रत्यक्षात ११ ते १२ मिलिमीटर. डॉक्टरांनी १२ लिहिलंय, ते बरोबर आहे.

मग लॅबला ९ कसे मिळाले? लॅबमध्ये पॉलिप येतो तो फॉर्मेलिनच्या बाटलीतून. जिवंत असताना त्यात रक्त भरलेलं असतं. कापल्यावर रक्त निघून जातं, फॉर्मेलिनमध्ये ऊतक आक्रसतं, देठ आत ओढला जातो. पॅथॉलॉजिस्ट टेबलावर पट्टी लावून जे मोजतात ते खरंच ९ असतं, त्यांची काही चूक नाही. पण पुढच्या तपासणीचं अंतर ठरवताना जिवंत पॉलिपचा, म्हणजे दुर्बिणीतून पाहिलेला आकार धरतात, आणि तो शेजारी एखादं माप ठेवून फोटोत दाखवलेला असावा अशी अपेक्षा असते. लॅबचा आकडा धरायची वेळ येते ती डॉक्टरांनी नुसतं ‘मध्यम आकाराचा’ असं लिहून सोडलं असेल तेव्हा.

हा तीन मिलिमीटरचा फरक इतका महत्त्वाचा आहे, कारण १० मिलिमीटरवर एक रेघ आहे. भाच्याचा हिशेब चुकीच्या आकड्यावर केलेला असला तरी हिशेब म्हणून अगदी बरोबर आहे. अ‍ॅडिनोमा म्हणजे ज्यातून पुढे कधी कॅन्सर होऊ शकतो अशा जातीचा पॉलिप. १० मिलिमीटरपेक्षा लहान, साध्या जातीचे एक किंवा दोन अ‍ॅडिनोमा असतील तर अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संयुक्त गटाने २०२० साली अंतर ७ ते १० वर्षं केलं. त्याआधी ते ५ ते १० होतं. युरोपच्या त्याच वर्षीच्या तक्त्यात तर असे चारपर्यंत लहान अ‍ॅडिनोमा असले तरी वेगळी पाळत ठेवत नाहीत. भारतात कोलोनोस्कोपीची सरकारी सरसकट तपासणी मोहीम नाही, त्यामुळे आपले डॉक्टर यांपैकी एखादा तक्ता वापरतात. दोन चांगल्या डॉक्टरांचं उत्तर वेगळं येण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

पण एक जरी अ‍ॅडिनोमा १० किंवा त्याहून मोठा निघाला की दोन्ही तक्ते तीन वर्षं सांगतात. या तीन वर्षांनाही इतिहास आहे. पूर्वी पॉलिप काढला की माणसाला वर्षाच्या आत परत बोलवायची पद्धत होती. १९९३ साली अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीचे निष्कर्ष आले. पॉलिप काढलेल्या लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. एका गटाला एका वर्षाने आणि पुन्हा तीन वर्षांनी तपासलं, दुसऱ्याला थेट तीन वर्षांनी. धोकादायक वाढ सापडलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, ३.३ टक्के. वर्षाची तपासणी फुकट गेली होती. लहान अ‍ॅडिनोमाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो, आणि तोही फार थोड्यांचा होतो. म्हणून घाईने परत परत दुर्बीण घालण्यात अर्थ नसतो.

आता लॅबच्या रिपोर्टकडे वळू. तुमच्याकडे तीन बाटल्यांची तीन उत्तरं आहेत. ‘अ’ बाटलीत आडव्या आतड्यातला ६ मिलिमीटरचा पॉलिप आहे, ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा. ‘ब’ म्हणजे डावीकडच्या सिग्मॉइड भागातला देठाचा मोठा पॉलिप, तोही ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा, देठाची कापलेली कड मोकळी, म्हणजे तिथे पॉलिपचा काही भाग उरलेला नाही. ‘क’ गुदाशयातला ३ मिलिमीटरचा, हायपरप्लास्टिक.

तीन बाटल्या वेगळ्या आहेत हे बघून मला बरं वाटलं, त्याचं कारण सांगतो. उमेदीच्या काळात, एका गर्दीच्या दिवशी, मी एका बाईंचे दोन पॉलिप एकाच बाटलीत टाकले. एक ५ मिलिमीटरचा उजवीकडचा, एक ८ चा डावीकडचा. लॅबने लिहिलं की तुकड्यांपैकी एकात गंभीर बदल आहेत. कोणत्या तुकड्यात, ते सांगायला काही मार्गच उरला नव्हता. कोणत्या जागी पुन्हा बारकाईने बघायचं हे ठाऊक नसल्याने त्या बाईंना दोन्ही जागांसाठी पुन्हा तयारी करून, पुन्हा भूल घेऊन यावं लागलं. त्यांना काही झालं नाही. पण ती फेरी माझ्यामुळे पडली, आणि तेव्हापासून एका जागेचा पॉलिप एका बाटलीत हा नियम मी कधी मोडला नाही.

‘क’ बाटली बाजूला ठेवा. गुदाशय आणि सिग्मॉइडमधले लहान हायपरप्लास्टिक पॉलिप मोजणीत धरत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे तीन नव्हे, दोनच पॉलिप हिशेबाचे.

‘ट्युब्युलर’ हा शब्द तुमच्या बाजूचा आहे. अ‍ॅडिनोमाचा पातळ काप भिंगाखाली धरला की त्यातल्या ग्रंथी गोल नळ्यांसारख्या दिसतात, बांबूंचा जुडगा मध्ये कापावा तशा. काही पॉलिपमध्ये नळ्यांऐवजी लांब बोटांसारखे झुपके असतात, त्याला व्हिलस म्हणतात. दोन्ही मिसळलेले असतील तर ट्युब्युलोव्हिलस. अमेरिकन तक्त्यात बोटांसारखा भाग लक्षणीय असेल तर पॉलिप लहान असला तरी तीन वर्षं. तुमच्याकडे ती भानगड नाही.

आणि ‘लो ग्रेड डिसप्लेसिया’. या शब्दाने घाबरलेली माणसं मी रोज बघत होतो. डिसप्लेसिया म्हणजे पेशींची घडी बिघडणं: केंद्रकं लांबट आणि गडद होतात, एकमेकांवर चढतात. हे असतं म्हणूनच त्या पॉलिपला अ‍ॅडिनोमा म्हणतात. डिसप्लेसिया नाही असा अ‍ॅडिनोमाच नसतो. लो ग्रेड ही त्यातली सर्वांत सौम्य पायरी. ‘हाय ग्रेड’ लिहिलं असतं तर मी वेगळं बोललो असतो. तुमच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही, आणि ज्या पॉलिपमधून तो पुढे कधी होऊ शकला असता तो देठासकट, एका तुकड्यात, मोकळ्या कडेने बाहेर आलाय. (२० मिलिमीटरपेक्षा मोठा, बसका पॉलिप तुकड्यातुकड्याने काढावा लागला असता, तर त्या जागी काही राहिलं का हे बघायला सहा महिन्यांत परत जावं लागलं असतं.)

एवढ्यावरून पाहिलं तर तुमचे डॉक्टर बरोबर: तीन वर्षं. आता दुसरा फोटो.

त्याच्या खाली ‘सीकम’ लिहिलंय. मोठ्या आतड्याची सुरुवात ती, उजव्या कुशीत खाली. दुर्बीण गुदद्वारातून शिरते आणि इथे तिचा प्रवास संपतो. फोटोत डावीकडे ओठासारखी जाड घडी दिसते, ती लहान आतड्याची झडप. मधोमध चंद्रकोरीसारखी बारीक खाच असते, ते अपेंडिक्सचं तोंड. ही दोन्ही दिसली म्हणजे दुर्बीण शेवटपर्यंत पोहोचली हे नक्की. तुमच्याकडे झडप दिसते, अपेंडिक्सचं तोंड अर्धंच. उरलेल्या अर्ध्यावर पिवळट, गढूळ पाणी आहे. आणि त्या पाण्यात फोटोच्या उजव्या कडेला चार-पाच पिवळे दाणे आहेत. मी कागद खिडकीत धरून, भिंग लावून पाहिले. मक्याचे आहेत.

तिसरा फोटो त्याच्या वरच्या भागाचा, चढत्या आतड्याचा. तिथेही भिंतीवर पिवळी साय धरलीय. त्यापुढचे, आडव्या आणि डाव्या भागाचे फोटो मात्र स्वच्छ आहेत, गुलाबी भिंत आणि तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या दिसताहेत.

मग मी रिपोर्टचं पहिलं पान पुन्हा वाचलं. तिथे एका ओळीत आहे: ‘बोस्टन स्कोअर १-२-३, एकूण ६’. आतडं किती स्वच्छ होतं याची ही गुणपत्रिका. उजवा भाग, आडवा भाग, डावा भाग, प्रत्येकाला ० ते ३ गुण, तेही डॉक्टरांनी पाणी मारून आणि ओढून घेऊन जेवढं साफ करता येईल तेवढं केल्यावर. तीन म्हणजे सगळी भिंत लख्ख दिसली. दोन म्हणजे थोडा डाग, पण भिंत नीट दिसली. एक म्हणजे काही भाग दिसला आणि काही घाणीखाली राहिला. एकूण सहा हा आकडा बरा वाटतो, आणि घाईत तेवढाच वाचला जातो. मात्र नियम असा की तिन्ही भागांत प्रत्येकी निदान दोन गुण हवेत. डाव्या बाजूचे तीन उजवीकडच्या एकाची भरपाई करू शकत नाहीत. उजवीकडे जे दिसलं नाही ते दिसलं नाहीच.

आणि नेमकी उजवी बाजूच अशी आहे जिथे घाण परवडत नाही. पॉलिपची एक जात असते, सेसाइल सेरेटेड. देठ नाही, उंचवटा फारसा नाही, रंग भिंतीचाच, आणि अंगावर चिकट शेंबडासारखा थर. ती बहुतेक उजवीकडेच असते. लख्ख धुतलेल्या आतड्यातही ती सहज नजरेतून सुटते, मग पिवळ्या सायीखाली कुठली दिसणार? तुमच्या मिस्टरांच्या उजव्या आतड्यात असं काही आहे असं मी म्हणत नाही. बहुधा नसेलही. पण ‘नाही’ असं कोणी पाहिलेलं नाही, आणि तीन वर्षांचं काय किंवा सात वर्षांचं काय, दोन्ही हिशेब सगळं पाहून झालंय असं गृहीत धरतात.

म्हणून माझं उत्तर: पुढची कोलोनोस्कोपी एका वर्षाच्या आत. तक्त्यातही अपुऱ्या तयारीला हेच अंतर आहे. उद्या धावायचं कारण नाही. दिवाळी आटोपली की तारीख घ्या. पुढच्या राखीच्या आत ती झालेली असावी.

आधी तुमच्या डॉक्टरांकडेच जा. हा कागद समोर ठेवून विचारा, ‘उजवीकडे एक गुण आहे, मग तीन वर्षं धरावीत का?’ मला खात्री वाटते की ते ऐकून घेतील. त्यांनी गुण प्रामाणिकपणे लिहिलाय, दाणे फोटोत येऊ दिलेत, काही झाकलेलं नाही. मोठा पॉलिप सापडला की लक्ष त्यावर जातं आणि अंतर त्याच्यावरून लिहिलं जातं, हे मी अनुभवाने सांगतो. आतलं आतडं त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, मी कागदावर. ‘फोटो काढल्यावर मी धुऊन घेतलं आणि गुण चुकून एक पडला’ असं ते म्हणाले, तर धुतल्यानंतरचा फोटो दाखवायला सांगा. बहुतेक मशिनांत कागदावर छापतात त्याहून जास्त फोटो साठवलेले असतात.

आता असं का झालं, कारण पुढच्या वेळी पुन्हा व्हायला नको. कीस हे एक कारण. मक्याच्या दाण्याचं साल पचत नाही आणि औषधानेही पूर्ण वाहून जात नाही. ते दुर्बिणीच्या ओढायच्या नळीत अडकतं, की मग डॉक्टरांना पाणीही ओढता येत नाही. कीस किसलेला असला तरी सालं त्यात असतातच. पण खरं मोठं कारण दुसरं आहे, आणि ते तुम्ही कौतुकाने लिहिलंय. औषध रात्री नऊला संपलं. सीकमच्या फोटोवर कोपऱ्यात वेळ छापलीय, दुपारी १ वाजून ६ मिनिटं. मध्ये सोळा तास गेले. या सोळा तासांत लहान आतडं स्वस्थ बसत नाही. पोट रिकामं असलं तरी पित्त आणि पाचकरस झिरपत राहतात, आणि ते सगळं झडपेतून पहिल्यांदा सीकममध्येच पडतं. रात्री घासून पुसलेलं उजवं आतडं दुपारपर्यंत पुन्हा पिवळं होतं. डावी बाजू स्वच्छ आणि उजवी घाण, हे चित्र दिसलं की मी पहिला प्रश्न हाच विचारत असे: औषध एकाच वेळी घेतलं का?

यावर उपाय म्हणजे औषध दोन वाट्यांत घेणं. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या दिवशी सकाळी, वेळेच्या चार ते सहा तास आधी सुरू करून निदान दोन तास आधी संपवायचं. एकची वेळ असेल तर सकाळी आठला सुरू, अकराच्या आत संपलं. ‘सकाळी घराबाहेर पडताना अडचण होईल’ म्हणून लोक सगळं रात्रीच पिऊन टाकतात. अडचण होते खरी, पण घरातून निघेपर्यंत जोर बहुतेक ओसरलेला असतो. तारीख घेतानाच डॉक्टरांकडून दोन वाट्यांचं वेळापत्रक लिहून घ्या. साखरेची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हेही त्यांनाच विचारा, मनाने बंद करू नका.

खाण्याचं म्हणाल तर तीन दिवस आधीपासून बिया, साली आणि दाणे बंद. इंदूरच्या घरात हे वाटतं त्याहून अवघड आहे. सकाळच्या पोह्यांतच बडीशेप असते, वर डाळिंबाचे दाणे. तीळ, पेरू, काकडी, टोमॅटो, मोडाची कडधान्यं, पालेभाज्या, सगळं बाजूला. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, दही, सोललेल्या बटाट्याची भाजी, मैद्याचा ब्रेड चालतो. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, भाताची पेज गाळून वरचं पाणी, दुधाशिवायचा चहा. गुलाबाचं सरबत किंवा जांभळ्या रंगाचं काही नको, आत ते रक्तासारखं दिसतं. आणि शेवटची जुलाबं कशी होतात ते त्यांना बघायला सांगा. लिंबू सरबतासारखं पिवळं आणि आरपार पाणी पडलं की तयारी झाली. त्यात चोथा किंवा गढूळपणा असेल तर दवाखान्यात पोहोचल्यावर आधी तसं सांगावं. नर्स आणखी औषध देतील किंवा वेळ पुढे ढकलतील. ते दुर्बीण आत गेल्यावर कळण्यापेक्षा कितीतरी बरं.

समजा दिवाळीनंतरच्या तपासणीत उजवी बाजू लख्ख निघाली आणि काही सापडलं नाही. मग १२ मिलिमीटरचा पॉलिप पुन्हा हिशेबात येतो आणि त्या तारखेपासून तीन वर्षं मोजायची. आणखी एक-दोन लहान अ‍ॅडिनोमा निघाले, तरी मी दोन्ही तपासण्यांची बेरीज एकत्र धरीन आणि उत्तर तीन वर्षंच राहील. एकूण दहाच्या वर गेले तर एक वर्ष, आणि मग आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. तुमच्याकडे तशी चिन्हं नाहीत. तीन वर्षांनंतरचीही स्वच्छ निघाली तर अंतर पाच वर्षांवर जातं. या मधल्या काळात पुन्हा रक्त गेलं, हिमोग्लोबिन उतरलं, वजन कमी झालं किंवा शौचाची सवय बदलून तशीच राहिली, तर तारखेची वाट बघायची नाही. ही अंतरं त्रास नसलेल्या माणसासाठी आहेत. ‘मूळव्याधच असेल’ म्हणून सोडू नका. या वेळी रक्त बहुधा मूळव्याधीचंच होतं, पण पॉलिप सापडले ते तुम्ही तपासायला गेलात म्हणून.

राहिला मुलगा. त्याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण १२ आणि ९ मधला फरक त्याच्यासाठीही महत्त्वाचा आहे. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा अ‍ॅडिनोमा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ गटात मोडतो. वडिलांना तो साठीच्या आत निघाला, तर मुलांनी ४० व्या वर्षी पहिली कोलोनोस्कोपी करावी आणि पुढे दर पाच वर्षांनी, असा अमेरिकन गटाचा सल्ला आहे. तुमच्या मिस्टरांची सख्खी भावंडं चाळिशीच्या पुढची असतील तर त्यांच्यासाठी ती वेळ आत्ताच आलीय, नणंदबाईंनाही सांगा. मुलाला अजून नऊ वर्षं आहेत. त्याला नुसतं ‘बाबांना पॉलिप होता’ असं सांगू नका, ते नऊ वर्षांनी कोणाच्या लक्षात राहत नाही. लॅबचा रिपोर्ट आणि पाचवा फोटो, चिमटा टेकवलेला, दोन्हींची रंगीत झेरॉक्स काढून त्याच्या कागदपत्रांत ठेवा. मागच्या बाजूला पेनाने लिहा: सिग्मॉइड, १२ मिलिमीटर, ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा, वडिलांचं वय ५८.